लग्नानंतर संसार कुठे मांडायचा? जिंतूर, वाळूज की उदगीर?

गंगाखेडची_जाई

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. शाळा जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या बाजूला एका लहान गावात आहे. २०१९ ला पवित्र पोर्टलमधून लागले. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना सहा हजारांवर काढली, आता कायम आहे. माहेर गंगाखेड. सध्या जिंतूरला खोली करून राहते.

साखरपुडा झालाय, लग्न मे महिन्यात आहे. ते वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहेत, तिन्ही शिफ्ट चालतात. त्यांचं गाव उदगीरजवळ. घरी आई-वडील दोघंच, चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. सासऱ्यांचे गुडघे गेलेत. नणंद हैदराबादला दिलीय.

आता ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. सासूबाई म्हणतात, पोराच्या नोकरीच्या गावी राहा. माझी आई म्हणते, सरकारी नोकरी सोडायचा विषयही काढू नको. सासरे काही बोलत नाहीत, पण साखरपुड्याच्या दिवशी निघताना एवढंच म्हणाले, "रातच्याला दार उघडायला कुणी तरी पायजे बाई." ते वाक्य डोक्यातून जात नाही. हे म्हणतात, तू संभाजीनगरला बदली करून घे, नाहीच झाली तर मी काही तरी बघतो.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. कुणाच्या गावी राहायचं हे तुम्ही कसं ठरवलं?

मोंढ्यावरचा_बाळू

बनी तो बनी, नहीं तो परभणी! आधी अभिनंदन ताई. पंगतीत आमरस असंल तर आम्ही जिंतूरलाबी येऊ आन् उदगीरलाबी.

सिडको_एन_सात

यात एवढा विचार कशाला? जिल्हा परिषदेत पती-पत्नी एकत्रीकरण असतं. लग्नाची नोंदणी करा, दाखला जोडून आंतरजिल्हा बदलीचा अर्ज टाका, संभाजीनगर जिल्हा मागा. माझ्या मावसबहिणीची अशीच हिंगोलीहून झाली. वर्षभरात दोघं एका घरात.

बिंदू_नामावली

सिडको, तुमच्या मावसबहिणीचे यजमान कुठे आहेत ते एकदा विचारून घ्या. मी सांगतो, ते सरकारी, निमसरकारी किंवा अनुदानित संस्थेत असणार.

मी शिक्षक संघटनेत बरीच वर्षं बदल्यांचंच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एकत्रीकरणाचा लाभ जोडीदार जिल्हा परिषदेत, राज्य किंवा केंद्र सरकारच्या सेवेत, महापालिका-नगरपालिकेत, सरकारी कंपनीत किंवा अनुदानित शाळेत असेल तर मिळतो. खाजगी कंपनी त्यात बसत नाही. वाळूजच्या कंपनीचं ओळखपत्र कितीही लॅमिनेट करून जोडलं तरी उपयोग नाही. दर मोसमात दहा-बारा पोरी याच गैरसमजात माझ्याकडे येतात, आणि लग्न ठरतानाच कुणी तरी मध्यस्थानं "बदली होऊन जाईल" असं सांगितलेलं असतं.

राहिला सर्वसाधारण अर्जाचा मार्ग. त्यात तिकडच्या जिल्ह्यात जागा रिकामी हवी, आरक्षणाच्या यादीत ती तुमच्या प्रवर्गाच्या बिंदूवर हवी, आणि तुमच्या आधीच्या रांगेतून नंबर लागायला हवा. संभाजीनगर सगळ्यांनाच पाहिजे, त्यामुळे रांग मोठी. तिसरा मार्ग आपसी बदलीचा. तिकडचा एखादा शिक्षक परभणीला यायला तयार असेल तर जमतं, पण तसा जोडीदार शोधणं म्हणजे दुसरं लग्न जमवण्यासारखंच आहे.

आणि जे कुणी सांगत नाही ते. आंतरजिल्हा बदलीनं गेलात की नव्या जिल्ह्याच्या ज्येष्ठता यादीत तुम्ही शेवटी. पगार कमी होत नाही, सेवा तुटत नाही. पण पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख या पदोन्नत्या त्या यादीवर होतात. आज तुम्हाला सहा वर्षं झालीत म्हणून हे किरकोळ वाटेल. पंधरा वर्षांनी कालची आलेली मुलगी मुख्याध्यापिका झाली की टोचतं.

कुणी "पैसे द्या, करून देतो" म्हणालं तर दारातूनच परत पाठवा. अर्ज ऑनलाइन असतात. नियम दर काही वर्षांनी बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज भराल त्या वर्षीचा शासन निर्णय स्वतः वाचा.

सिडको_एन_सात

विचारलं. दाजी नगरपालिकेत आहेत. माझी माहिती अर्धीच होती, मान्य.

हिंजवडी_ते_हदगाव

माझा सल्ला स्पष्ट आहे. आत्ताच फ्लॅट घ्या. आम्ही लग्नानंतर चार वर्षं भाड्यात घालवली आणि तोवर भाव कुठल्या कुठे गेले. दोघांच्या पगारावर कर्ज चांगलं मिळतं. पुण्यात वाकडच्या पुढे अजूनही बरे पर्याय आहेत. कुणाला माहिती हवी असेल तर सांगा.

तुळजाई

हिंजवडी भाऊ, ताईंना फ्लॅट कुठे घेऊ असं विचारायचं नाहीये. राहायचं कुठे हेच ठरलेलं नाही, आणि पुणे तर यात कुठंच नाही. उलट आत्ता फ्लॅट घेतला तर तो ज्या गावात असेल तेच गाव ठरून जाईल. मग बाकी सगळ्यांनी त्या हप्त्यामागे धावायचं.

कळंबचे_काका

राग येणार असेल तर माफी असावी, पण मला वाटतं ते लिहितो. मुलगी लग्न करून नवऱ्याच्या घरी जाते ही रीत उगाच पडली नाही. घर एका ठिकाणी लागलं तर लेकरं वळणावर राहतात. नोकऱ्या येतात जातात. माझ्या सुनेनं नोकरी सोडली, आज दोन नातवंडं डोळ्यासमोर वाढतायत, घर भरलेलं आहे. दोन ठिकाणी दोन चुली पेटवून शेवटी दोन्हीकडे अर्धपोटीच.

माजलगावची_सून

काका, राग नाही. पण दुसरी बाजू मी जगलेय, ती ऐका.

माझीही जिल्हा परिषदेची नोकरी होती, बीड जिल्ह्यात. नवरा पुण्याला खाजगी कंपनीत. तुम्ही म्हणता तसंच सगळे म्हणाले आणि मी राजीनामा दिला. पहिली तीन वर्षं खरंच छान गेली. मग त्यांची कंपनी बंद पडली. हातात आठ महिन्यांचं बाळ, घरभाडं, आणि माझी नोकरी गेलेली. सरकारी नोकरीचा राजीनामा एकदा मंजूर झाला की सहसा मागे घेता येत नाही, काका. पुन्हा लागायचं तर पुन्हा टेट, पुन्हा पोर्टल, पुन्हा शिक्षणसेवक. आज मी एका खाजगी शाळेत शिकवते. काम तेच, पगार तेव्हाच्या एक तृतीयांश.

आम्ही सुखात आहोत. नवरा चांगला आहे. पण "नोकऱ्या येतात जातात" हे वाक्य खाजगी नोकरीला लागू आहे. माझी गेली ती परत आली नाही.

जाईताई, लग्नाआधी एकदा दोघांनी कागद घेऊन बसा आणि कोणाची नोकरी सुटली तर परत मिळण्यासारखी आहे, एवढंच लिहून काढा.

कळंबचे_काका

तुमचं दुःख समजलं, बाई. कंपनी बंद पडायची गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. तरी घर एक असावं हे माझं म्हणणं मी सोडत नाही.

गोवर्धन_घाट

मी उलट केलं, म्हणून लिहितो. बायको नांदेडला विद्यापीठात, माझा मोबाइल दुरुस्तीचा धंदा होता वसमतला. माझं दुकान हलू शकत होतं, तिची नोकरी हलू शकत नव्हती. मी नांदेडला आलो. सासुरवाडी त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून.

पहिलं वर्ष जड गेलं. गावाकडं गेलो की पारावर कुणी तरी "या घरजावई" म्हणायचंच. आई रडली. खरं तर आम्ही सासऱ्याच्या घरात राहत नव्हतो, भाड्यानं वेगळं घर होतं, पण लोकांना कुठं फरक पडतो. पुढं मुलगी झाली, बायको सहा महिन्यांच्या प्रसूती रजेनंतर कामावर गेली तेव्हा सासूबाईंनी लेकरू सांभाळलं. तेव्हा माझीच आई म्हणाली, "बरं झालं तिथं राह्यलास."

पण एक गोष्ट मी चुकलो. मी आई-वडिलांसाठी काहीच ठरवलं नव्हतं. जाऊ, येऊ, बघू असं चाललं होतं. वडिलांना रात्री झटका आला तेव्हा शेजाऱ्याच्या पोरानं जीपमधून वसमतला नेलं. ते वाचले. त्या पोराचे उपकार फिटणार नाहीत. पण रात्री दार कुणी उघडायचं हे आधीच ठरवून ठेवायला पाहिजे होतं. तुमच्या सासऱ्यांचं वाक्य वाचलं आणि अंगावर काटा आला.

गंगाखेडची_जाई

सगळ्यांचे आभार. बिंदू सर, तुमचं वाचून रात्री यांना फोन केला. त्यांनाही खाजगीवाल्यांना एकत्रीकरण नाही हे माहीत नव्हतं. थोडा वेळ दोघंही गप्प होतो.

माजलगावच्या ताई, तुम्ही सांगितलं तसं लिहून काढलं. माझ्या हातात महिन्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास येतात, त्यांच्या हातात ओव्हरटाइम धरून अडतीस. परभणीला आले तर त्यांच्या कामाचं काहीच नाही, एका ओळखीच्यांनी वीस हजारांचं सुपरवायझरचं काम सांगितलं. म्हणजे मी सोडलं तर पंचेचाळीस जातात, त्यांनी परभणी धरलं तर अठरा. हिशेब सरळ दिसतो. पण एवढी वर्षं मशीनवर घालवलेल्या माणसाला पोत्यांच्या गोदामावर बसवायचं, हे मला पटत नाही. त्यांनी तक्रार केली नाही तरी मला कळतं.

रूळांचा_सोबती

ताई, तुम्ही तीन गावं तीन दिशांना असल्यासारखी लिहिलीत. मला नकाशा वेगळा दिसतो.

संभाजीनगरहून निघा. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी. परभणीहून खाली वळा, गंगाखेड, परळी, लातूर रोड आणि उदगीर. ही सगळी एकाच गाडीच्या रस्त्यावरची स्टेशनं आहेत. हैदराबादला जाणारी गाडी अशीच जाते. म्हणजे तुमचं माहेर, तुमचं सासर, यांची नोकरी आणि नणंदेचं हैदराबादसुद्धा एका रुळावर. त्यातून बाजूला पडलंय ते फक्त जिंतूर, जिथे रेल्वे नाही.

आणि तुमची शाळा चारठाण्याकडे आहे म्हणता. तिथून सेलू स्कूटीवर पाऊण तास असेल. मग जिंतूरला खोली का?

आणखी एक. संभाजीनगरला राहिलात तर उदगीरला जाणं म्हणजे अख्खा दिवस. त्यातही गाडी परभणीवरूनच जाणार. सासऱ्यांची काळजी असेल तर परभणीच्या बाजूला राहणं हे त्यांच्यापासून लांब जाणं नाही, जवळ येणं आहे. सासूबाईंना नकाशा काढून दाखवा.

मोंढ्यावरचा_बाळू

सोबती, तुम्ही स्टेशनमास्तर होता का हो? मला तर पूर्णा जंक्शनचा वडाच आठवायला लागला.

रूळांचा_सोबती

नाही हो. बावीस वर्षं मराठवाडा एक्सप्रेसचा पास काढला, बस. पूर्ण्याच्या वड्याला मात्र तोड नाही.

भोकरदन_नाका

जालन्यात राहा की मग! आम्ही तेच केलंय, आठ वर्षं झाली. मी शेंद्र्याला, बायको परतूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत. दोघांच्या मध्ये जालना. पण लोक "मध्यावर राहा" म्हणतात तितकं ते सोपं नाही, म्हणून खरं काय ते सांगतो.

वाळूज संभाजीनगरच्या पश्चिमेला आहे आणि शेंद्रा पूर्वेला, जालन्याच्या बाजूला. तेवढ्यानं सगळा फरक पडतो. वाळूजला जायचं तर आधी अख्खं शहर ओलांडायचं. मी आधी वाळूजलाच होतो. जालन्याहून सहा महिने केलं आणि हरलो. शेंद्र्यात बदललो, पगार चार हजारांनी कमी झाला, पण कंपनीची बस जालन्यापर्यंत येते. पहिल्या शिफ्टला पहाटे पाचला उठायचं, तिसऱ्या शिफ्टला दिवसा झोपायचं. त्या आठवड्यात घरात कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाहीत.

बायकोचं खरं दुखणं गाडी नाही, मार्च महिना आहे. दहाच्या शाळेला गाडी बरोबर बसते. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की ती गाडी कामाची नाही. मग तीन शिक्षिका मिळून जीप लावतात. एकेरी रूळ, त्यात क्रॉसिंगला गाडी उभी राहिली की उशीर. दुहेरीकरण २०२५ ला मंजूर झालंय, होईल तेव्हा होईल.

शिवाय मुख्यालयी राहण्याचा विषय आहेच. घरभाडे भत्ता घेता म्हणून गावात राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागतात. गावानं सांभाळून घेतलं तर ठीक, गावात दोन पार्ट्या असल्या की तुमच्यावर अर्ज होतो.

मध्यावर राहिलो म्हणजे दोघांचाही त्रास अर्धा झाला, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात दोघंही रोज थकून येतो, आणि लेकराला ताप आला तर शाळेतून उचलायला दोघांपैकी कुणीच अर्ध्या तासात पोचत नाही. हे मूल झाल्यावर कळलं.

तुळजाई

भोकरदन, मग परत ठरवायचं असतं तर काय केलं असतं?

भोकरदन_नाका

परतूर. बायकोच्या शाळेजवळ. प्रवास एकट्यानं केला असता, मी. घरात एक माणूस तरी जागेवर पाहिजे.

वाळूजचा_फिटर

मी सहमत नाही. शिफ्टवाल्या माणसानं रोज शंभर किलोमीटर करायचं हे बोलायला सोपं आहे. रात्रपाळी करून सकाळी मोटारसायकलवर डुलकी लागून पडलेली माणसं मी पाहिलीत. माझ्याच खोलीतला पोरगा करमाडजवळ डिव्हायडरला गेला. थोडक्यात वाचला. शिफ्टवाल्यानं कामापाशीच राहावं आणि सुट्टीला घरी जावं. दोन ठिकाणी राहणं हा काही गुन्हा नाही.

औंढ्याची_सुमन

दोन ठिकाणी राहण्याचं आमचं चौथं वर्ष. मी हिंगोली, हे वाळूजच. खर्च सांगते. त्यांची खोली आणि मेस मिळून नऊ-दहा हजार, माझं घरभाडं पाच, आणि दर आठवड्याचं येणं-जाणं. पंधरा-सोळा हजार नुसते वेगळं राहण्याचे जातात. त्यात त्यांची सुट्टी रविवारी असेलच असं नाही. वीज वाचवायची म्हणून कंपनी गुरुवारी बंद, माझी शाळा रविवारी बंद. लग्नानंतर पहिल्या वर्षात आम्ही पूर्ण दिवस एकत्र किती घालवले ते मी कॅलेंडरवर मोजलं होतं. आकडा इथं लिहीत नाही.

ताई, त्यांच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते ते आजच विचारून घ्या.

गंगाखेडची_जाई

सुमनताई, विचारलं. शुक्रवारी.

बिंदू_नामावली

चर्चा चांगली चाललीय. जाईताईंसाठी माझं म्हणणं एका क्रमानं मांडतो, कारण या गोष्टींत क्रम चुकला की महाग पडतं.

काही पावलं मागे घेता येतात, काही येत नाहीत. राजीनामा मागे घेता येत नाही. आंतरजिल्हा बदलीही जवळपास तशीच, परत परभणीला यायचं तर पुन्हा रांगेत आणि पुन्हा यादीच्या शेवटी. घर विकत घेणं तसंच. उलट भाड्याची खोली बदलता येते, खाजगी नोकरी बदलता येते, जिल्ह्याच्या आत शाळा बदलली तर ज्येष्ठता जात नाही. म्हणून पहिलं वर्ष फक्त दुसऱ्या प्रकारची पावलं टाका.

तुमच्या बाबतीत, रूळांचा सोबतींनी म्हटलं तसं, आधी जिंतूरची खोली सोडून सेलूला या. त्याला कुणाच्या आदेशाची गरज नाही. भोकरदन यांनी सांगितलेली मुख्यालयाची अडचण तुम्हालाही आहे, ती गृहीत धरा. पुढे जिल्हांतर्गत बदल्या लागतील तेव्हा सेलू तालुका मागा. ते मिळायला एक फेरी लागेल, दोन लागतील, सांगता येत नाही. तोवर यजमानांनी पूर्वेकडे सरकायचा प्रयत्न करावा. शेंद्रा, नाही तर जालना. जालन्याच्या एमआयडीसीत स्टीलचे कारखाने आहेत, क्वालिटीच्या माणसाला तिथे काम असतं, फक्त धातू आणि धूळ वेगळी.

कळंबच्या काकांचं एक मला पटतं, घर एक असावं. पण ते पहिल्या दिवसापासूनच असलं पाहिजे असं नाही.

हिंजवडी_ते_हदगाव

माझा आधीचा सल्ला मागे घेतो. पुन्हा सगळं वाचलं. एक खरा प्रश्न म्हणून विचारतो, पेन्शनसाठी तरी सरकारी नोकरी टिकवावी असं सगळे का म्हणत नाहीत?

बिंदू_नामावली

कारण त्यांना जुनी पेन्शन नाही. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर लागलेल्यांना ती नाही, आणि ताई २०१९ च्या आहेत. नोकरी टिकवण्याची कारणं दुसरी पुष्कळ आहेत.

उदगीरची_परिचारिका

मी धागा उशिरा वाचला, पण उदगीर म्हटल्यावर थांबले. इथे एवढ्या जणांनी बदली, गाडी, पगार लिहिलं. सासऱ्यांबद्दल एकट्या गोवर्धन घाटांनी लिहिलं.

मी उदगीरला रुग्णालयात काम करते. गुडघे गेलेली एकटी जोडपी रोज बघते. रात्री पडलेला माणूस सकाळी आणला जातो, कारण रात्री फोन कुणाला करायचा हेच म्हातारीला माहीत नसतं. मुलगा वाळूजला असो नाही तर सेलूला, रात्री दोन वाजता तो पोचणार नाहीच. त्यामुळे दार उघडणारं माणूस गावातलंच ठरवावं लागतं. शेजारचा एखादा जाणता पोरगा, एक ठरलेला गाडीवाला, त्यांचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात, आणि घराची एक चावी शेजारी. शेत बटईनं द्यायचं असेल तर त्याच घराला द्या, म्हणजे त्यांचं रोज येणं-जाणं राहतं. संडास घरात नसेल तर लग्नाच्या मांडवाआधी तो बांधा, कमोडचा. गुडघेवाला माणूस रात्री परसात जाताना पडतो, ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली गोष्ट.

आणि त्यांना विचारा. सासरे तुमच्याकडे येऊन राहायला तयार आहेत का, हे कुणी त्यांना विचारलंय?

गंगाखेडची_जाई

ताई, नाही. कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

कळंबचे_काका

परिचारिका बाईंनी माझ्या वयाच्या माणसाची गोष्ट बरोबर पकडली. आम्हाला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर आम्ही नाही म्हणतो, कारण गाव सोडवत नाही. दोनदा विचारा, बेटा. पहिल्या नाही वर थांबू नका.

गंगाखेडची_जाई

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

गेल्या शुक्रवारी मी रजा टाकली आणि आम्ही दोघं सेलूला भेटलो. स्टेशनपासून शाळेपर्यंत स्कूटीवर जाऊन पाहिलं, पन्नास मिनिटं लागली. रस्ता एका ठिकाणी वाईट आहे, पावसाळ्यात ओढ्यावर पाणी येतं असं गावातल्या सरांनी सांगितलं. तरी जिंतूरची खोली सोडायची हे ठरलं.

त्यांनी शेंद्र्यात दोन ठिकाणी आणि जालन्यात एका ठिकाणी अर्ज दिलेत. जालन्यातून बोलावणं आलं. जनरल शिफ्ट आहे, रविवारी सुट्टी, पण पगार सहा हजारांनी कमी. ते विचार करतायत. मी काही बोलले नाही, त्यांनाच ठरवू दे. वाळूजच्या फिटर दादांचं वाचून रोज येण्या-जाण्याचा हट्ट मी सोडलाय. जालन्यात खोली करून ते बुधवारी आणि शनिवारी येतील, असं सध्या बोलणं आहे. आई खूश नाही. सासूबाई तर अजिबात नाहीत, "लग्न करून पोरगा पुन्हा मेसवरच" म्हणाल्या. त्यांचं चुकत नाही.

सासऱ्यांना मी स्वतः विचारलं. नाही म्हणाले. काकांनी सांगितलं होतं म्हणून चार दिवसांनी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, "पेरणी झाल्यावर आठ-पंधरा दिवस येऊन बघू." संडासाचं काम लागलंय. गवंडी म्हणतो दहा दिवसांत होईल.

आता एकच मदत हवी. सेलूला स्टेशनच्या बाजूला, तळमजल्यावर, दोन खोल्यांचं घर कुणाच्या माहितीत आहे का? जिना नको, सासऱ्यांना चढवत नाही. बोअरचं पाणी असलं तर बरं.

रूळांचा_सोबती

माझ्या पासवाल्या मित्राच्या मावशींचं घर आहे, तळमजला, अंगणात हापसा. एप्रिलअखेर रिकामं होतंय. नंबर निरोपात पाठवलाय. भाडं ठरवताना गाडीचा आवाज येतो म्हणून पाचशे कमी करायला सांगा, मावशी ऐकतात.